मदत हवी आहे: फोनमधला रंगांचा ऑप्शन रात्री गायब होतो, आणि ग्रेस्केल लावूनही रील्स सुटत नाहीत

इतवारी_पदर (रात्री 11:42)
नमस्कार. दोन प्रॉब्लेम आहेत, जरा लवकर सांगा, उद्या पार्सलं काढायची आहेत.

मी घरून साड्या विकते. फोटो काढायचा, थोडा नीट करायचा आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा. या महिन्यात तिघींनी साड्या परत पाठवल्या. तिघींचं म्हणणं एकच, फोटोत फिक्कट दिसली होती, हातात आली तर भडक निघाली. माझ्या फोनवर तर फोटो अगदी साडीसारखाच दिसतो. भाचा म्हणाला, मावशी, तुझ्या स्क्रीनचे रंग वाढवलेले आहेत, नॅचरल कर. काल दुपारी त्याने माझ्याच फोनमध्ये तो ऑप्शन दाखवला. आता तासभर शोधून राहिली आहे, तो ऑप्शनच नाही. करपला की काय?

दुसरं म्हणजे रील्स. कोणीतरी सांगितलं म्हणून रात्री स्क्रीन काळी-पांढरी करते, तरी दीड-दीड तास जातो. काय करू?

धरमपेठी_भाऊ (11:50)
सोपं आहे ताई. Settings मध्ये Display, त्यात Screen mode, तिथे Vivid आणि Natural. Natural वर टिचकी मारा, झालं.

इतवारी_पदर (11:53)
Screen mode नावाचं काहीच नाही माझ्याकडे. दुपारी होतं ते Colors की काय होतं.

धरमपेठी_भाऊ (11:54)
अपडेट मारा मग.

हळू_चार्जर (11:58)
फोन कोणता आहे ते सांगितलंच नाही तुम्ही. भाऊंनी सांगितलेला रस्ता सॅमसंगचा आहे. आणि काळी-पांढरी स्क्रीन नेमकी कुठून करता? तेही लिहा.

इतवारी_पदर (रात्री 12:03)
पिक्सेल आहे, नवऱ्याचा जुना. काळं-पांढरं कुठून म्हणजे? बटणावरून होतं. पण त्याचा पहिल्या प्रश्नाशी काय संबंध? डिस्प्लेच्या मेनूचा स्क्रीनशॉट टाकते आहे, बघा, Colors कुठेच नाही.

संत्रा_बर्फी (12:07)
अवो ताई, स्क्रीनशॉट तर पूर्ण रंगीत आहे. तुमचं ग्रेस्केल चालूच नाही, म्हणून रील्स सुटत नाहीत. एका प्रश्नाचं उत्तर मिळालं 😄

इतवारी_पदर (12:08)
चालू आहे हो! माझ्यासमोर सगळं राखेसारखं दिसतंय!

हळू_चार्जर (12:21)
दोघांचंही खरं आहे. अँड्रॉइडमध्ये ग्रेस्केल लागतो तो अगदी शेवटी, तयार झालेलं चित्र काचेवर जाताना. स्क्रीनशॉट त्याच्या आधीच्या चित्राचा निघतो, म्हणून तो रंगीतच येतो. त्यामुळे ताई, रात्री ग्रेस्केलमध्ये एखादा फोटो पाठवला तरी समोरच्याला तो रंगीतच जातो, ती काळजी नको.

आता गायब ऑप्शन. व्हॉल्यूमची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून तुम्ही काळं-पांढरं करता ना? तो शॉर्टकट Accessibility मधल्या Color correction चा असतो. हे करेक्शन किंवा रंग उलटे करणारं इन्व्हर्जन चालू असताना पिक्सेल डिस्प्लेमधला Colors चा मेनू काढूनच टाकतो. दुपारी भाचा आला तेव्हा ते बंद होतं, म्हणून सापडला. रात्री तुम्ही शोधता तेव्हा ते चालू असतं, म्हणून सापडत नाही. बटणं परत दाबा आणि Display मध्ये जाऊन बघा.

इतवारी_पदर (12:26)
बाप्पा! आलं!! Natural आणि Adaptive असे दोन आहेत. Vivid नाही. आता Adaptive वर आहे.

हळू_चार्जर (12:29)
Adaptive म्हणजेच तुमचं व्हिव्हिड. नाव कंपनीगणिक बदलतं. Natural करा. दोन-तीन दिवस स्क्रीन मेल्यासारखी, पिवळट वाटेल. डोळ्याला सवय भडक रंगाची झाली आहे, घाबरून परत बदलू नका.

महाल_मुक्काम (सकाळी 6:40)
फोन बघून माझे डोळे थकतात. मी 900 रुपयांचा निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेतला आहे, फरक पडला. दुकानाचा पत्ता हवा असल्यास सांगा.

धरमपेठी_भाऊ (7:15)
नॅचरलचं खूळ मला पटत नाही. तुमच्या गिऱ्हाइकांचे फोन काय नॅचरलवर आहेत? सॅमसंग डब्यातून निघतो तोच व्हिव्हिडवर, आणि कोणी तो बदलत नाही. मग ताईंनी पण व्हिव्हिडच ठेवावा, म्हणजे गिऱ्हाईक जे बघतं तेच त्यांना दिसेल. आणि व्हिव्हिडमध्ये फोटो काढले तर फोटोच झकास येतात.

हळू_चार्जर (7:48)
शेवटचं वाक्य चुकीचं आहे. हा मोड फक्त काचेचा असतो, कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. फोटोची फाइल दोन्ही मोडमध्ये सारखीच बनते. बिघडतं ते फोटो "नीट करताना".

ताईंच्या बाबतीत काय झालं असणार ते बघा. समजा साडी राणी रंगाची आहे. फाइलमध्ये राणी रंग बऱ्यापैकी बरोबर उतरला, पण भडक मोडमध्ये तो साडीपेक्षाही चढा दिसला. ताई म्हणाल्या, साडी काही इतकी भडक नाही, आणि एडिटमध्ये सॅच्युरेशन खाली ओढलं, स्क्रीनवरचा फोटो साडीसारखा दिसेपर्यंत. म्हणजे स्क्रीनने जे वाढवलं होतं ते त्यांनी फाइलमधून कमी केलं. आता ती फाइल साध्या मोडच्या फोनवर फिक्कटच दिसणार. ताई, सॅच्युरेशन कमी करता ना?

इतवारी_पदर (8:30)
हो!! दरवेळी. तुम्हाला कसं कळलं?

हळू_चार्जर (8:41)
फोटोत फिक्कट आणि हातात भडक ही तक्रार तशीच येते. उलटी आली असती तर मी आधी फोटो काढतानाचा उजेड विचारला असता.

धरमपेठी_भाऊ (9:02)
ठीक आहे, कॅमेऱ्याचं मान्य. पण मुद्दा राहतोच. गिऱ्हाईक भडक स्क्रीनवर बघणार, तर आपण साध्यावर बघून उपयोग काय?

हळू_चार्जर (9:20)
मुद्दा अर्धा बरोबर आहे. अडचण ही की प्रत्येक कंपनीचं व्हिव्हिड वेगळं असतं. कोणी लाल वाढवतं, कोणी पांढऱ्याला निळसर झाक देतं. तुमचं व्हिव्हिड म्हणजे गिऱ्हाइकाचं व्हिव्हिड नव्हे. नॅचरल बहुतेक sRGB धरून चालतं, आणि फोटोंची आपसातली जुनी ठरलेली मोजपट्टी तीच आहे. कापड मोजायला सगळ्यांचा हात वेगळा असेल तर आपण निदान मीटरपट्टीने मोजावं. मग शेवटी एकदा घरातल्या दुसऱ्या फोनवर भडक मोडमध्ये बघून घ्यावं, तिथे अगदीच विचित्र दिसत नाही ना एवढ्यापुरतं.

धरमपेठी_भाऊ (9:26)
मीटरपट्टीने मोजलं तरी गिऱ्हाईक हातानेच मोजणार. असो.

संत्रा_बर्फी (10:10)
तुम्ही दोघं भांडा, मी तर्री पोहे खाऊन येतो. 😄 पण खरंच, बायको साडीचे फोटो रात्री ट्यूबलाइटमध्ये काढते आणि मोरपंखी निळी दिसते. तेही मोडमुळेच का?

हळू_चार्जर (10:35)
नाही, ती उजेडाची भानगड आहे. ताईंनाही लागू पडेल म्हणून लिहितो. सकाळी ऊन थेट येत नाही अशा खिडकीजवळ साडी पसरायची, ट्यूबलाइट बंद, कडेला एक कोरा पांढरा कागद. फोटोत कागद पिवळा किंवा निळा दिसला तर सॅच्युरेशनला हात न लावता आधी कागद पांढरा होईपर्यंत टेंपरेचरची पट्टी सरकवायची. मग फोन आणि साडी शेजारी धरून त्याच उजेडात जुळवायचं. त्या वेळी Night Light बंद हवा. तो आपोआप संध्याकाळी लागत असेल तर रात्री बसून रंग जुळवणं म्हणजे पिवळा चष्मा घालून हळदीची पारख.

आणि एक सांगून ठेवतो, काही राणी आणि पोपटी छटा इतक्या तेज असतात की sRGB मध्ये मावतच नाहीत. फोटो कसाही काढा, त्या थोड्या मरणारच. तिथे "फोटोपेक्षा जास्त चमकदार" असं शब्दांत लिहा.

तहसीलवाली (दुपारी 1:15)
आयफोनमध्ये हे कुठे असतं? माझा नवीनच आहे.

हळू_चार्जर (1:40)
आयफोनमध्ये व्हिव्हिड-नॅचरल असा पर्यायच नाही, रंगांचं काम तो स्वतःच करतो. तुम्हाला ग्रेस्केल हवं असेल तर Accessibility मध्ये Display & Text Size, त्यात Color Filters. Shortcuts ॲपमध्ये असंही लावता येतं की ठरावीक ॲप उघडलं की फिल्टर चालू आणि बंद केलं की फिल्टर बंद.

इतवारी_पदर (2:05)
हे माझ्यात होईल का? रील्सपुरतं काळं आणि बाकी रंगीत? माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं सगळे विसरले.

शांत_वाचक (2:50)
ताई, मी यातून गेलो आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा विद्यापीठातला 2020 सालचा एक अभ्यास आहे. ग्रेस्केल लावल्यावर विद्यार्थ्यांचा फोनवरचा वेळ रोज सरासरी 38 मिनिटांनी कमी झाला. म्हणजे फरक पडतो, पण दीड तासाचा शून्य होत नाही. आणि तो पडतो ग्रेस्केल लागून राहिलं तर. तुमचं बटण इतकं सोपं आहे की ऑर्डरचा फोटो बघायला रंग आणता आणि तसंच रील्समध्ये शिरता. बरोबर?

इतवारी_पदर (2:58)
बरोबर. "हा कोणता रंग ताई" असा मेसेज येतो, मग बटण दाबावं लागतं. परत काळं करायचं राहून जातं.

शांत_वाचक (3:20)
मग तो शॉर्टकट काढून टाका, Color correction च्या पानावरच तो बंद करता येतो. त्याऐवजी Digital Wellbeing मधला Bedtime mode वापरा. वेळ लावा, समजा रात्री 10 ते सकाळी 6, आणि त्यातलं Grayscale चालू करा. वेळ झाली की आपोआप लागतं, सकाळी आपोआप जातं. पण त्यासोबत Do Not Disturb पण लागतं. ते तिथेच बंद करा, नाहीतर गिऱ्हाइकांचे फोन वाजणार नाहीत आणि शिव्या मला पडतील. नव्या अँड्रॉइडमध्ये हे Settings मधल्या Modes मध्ये गेलं आहे.

ठरावीक ॲपपुरतं करायला पिक्सेलमध्ये सोय नाही. पण त्याच Digital Wellbeing मध्ये रील्सच्या ॲपला दिवसाची 30 मिनिटांची मर्यादा लावता येते.

हळू_चार्जर (3:34)
आणि Bedtime चं ग्रेस्केल Color correction मधून जात नाही, त्यामुळे Colors चा मेनूही पळणार नाही.

धरमपेठी_भाऊ (3:41)
ग्रेस्केलने बॅटरी पण वाचते.

हळू_चार्जर (3:44)
पांढरं पांढरंच राहतं भाऊ, बॅटरी काय वाचणार. काळ्या पार्श्वभूमीने वाचते, डार्क थीमने.

धरमपेठी_भाऊ (3:45)
माझी वाचते.

इतवारी_पदर (सहा दिवसांनी, रात्री 10:20)
सगळ्यांना धन्यवाद जी. कागद ठेवून खिडकीजवळ चार साड्यांचे फोटो काढले, सॅच्युरेशनला हात लावला नाही. तीन जुळल्या. अमरावतीची वहिनी म्हणाली, केशरी अगदी तशीच आली. राणी अजूनही जमली नाही, खाली लिहून टाकलं, एकीने लिहिलेलं वाचलंच नाही आणि परत विचारलं. धरमपेठी भाऊ, तुमचंही थोडं खरं निघालं, सासूबाईंच्या फोनवर तीच केशरी टोमॅटोसारखी दिसते.

रील्सचं म्हणाल तर पहिले चार दिवस 10 वाजले की स्क्रीन राख झाली आणि मी चक्क झोपले. आता प्रश्न असा आहे की नवऱ्याच्या फोनवर ग्रेस्केल नाही, आणि तो 10 वाजता झोपतो. त्याचा पासवर्ड मला माहीत आहे. यावर काही सेटिंग आहे का?

संत्रा_बर्फी (10:24)
पासवर्ड बदलायला सांगा त्याले.

महाल_मुक्काम (10:31)
चष्म्याचं काय ठरलं?