मदत हवी आहे : फोनवर मराठी लिहिताना कर्सर नेमका हव्या त्या अक्षरापाशी कसा न्यायचा?

सुनेत्रा_वाचनालय

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाच्या सभांचं इतिवृत्त आणि कार्यक्रमांची निमंत्रणं मी फोनवरच लिहिते. अँड्रॉइड फोन, जीबोर्ड, मराठी देवनागरी कळफलक. लिहिण्याचा वेग चांगला आहे, सगळा वेळ जातो तो दुरुस्तीत.

कालचंच उदाहरण देते. निमंत्रणात "आशिर्वाद" असं पडलं होतं. मला शि ची पहिली वेलांटी काढून दुसरी द्यायची होती. वेलांटी शच्या डावीकडे दिसते म्हणून बोटाने कर्सर तिथे नेला आणि बॅकस्पेस दाबलं, तर वेलांटी राहिली आणि आधीचा "आ" गेला. बोटाखाली अक्षरं झाकली जातात, त्यामुळे कर्सर कुठे टेकलाय तेही धड दिसत नाही. शेवटी अख्खा शब्द खोडून पुन्हा लिहिला.

स्पेसबार वापरून कर्सर हलवता येतो असं ऐकलं. पण मी स्पेसबार दाबून धरला की भाषा निवडायची चौकट उघडते. नक्की कसं करायचं? आणि चार-पाच ओळींचा मजकूर अचूक निवडून दुसरीकडे हलवायचा असेल तर? निमंत्रणं शंभरेक घरांत जातात, त्यात शुद्धलेखनाची चूक राहिलेली मला चालत नाही.

मिलिंद_ठाणे

सोपं आहे. स्पेसबारवर बोट दाबून धरा. कळांवरची अक्षरं गायब होऊन कळफलक कोरा होतो. मग बोट न उचलता हवं तिकडे फिरवा, कर्सर मागोमाग येतो, वरच्या-खालच्या ओळीतही जातो. तो फिरत असताना दुसरं बोट कळफलकावर टेकवलं की मजकूर निवडला जायला लागतो. मी रोज असंच करतो. चौकट उघडते म्हणजे तुमच्या फोनचं काहीतरी सेटिंग बिघडलंय.

जुळारी

मिलिंद, तुम्ही सांगताय ते आयफोनचं आहे आणि तिथे ते अगदी बरोबर आहे. सुनेत्राताईंच्या फोनचं काहीही बिघडलेलं नाही. जीबोर्डमध्ये स्पेसबार दाबून धरला की कळफलक बदलायची चौकटच येते. कर्सर हलवायचा असेल तर धरायचं नाही. बोट टेकवलं की लगेच डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचं, मध्ये थांबायचं नाही. एकदा कर्सर हलू लागला की मग हवं तितकं हळू जा, बोट स्पेसबारच्या बाहेर शेजारच्या कळेवर गेलं तरी काही होत नाही. आयफोनसारखं वर-खाली मात्र जाता येत नाही. ओळीच्या सुरुवातीच्याही डावीकडे सरकवत राहिलात की कर्सर आपोआप वरच्या ओळीच्या शेवटी जातो.

सरकवूनही काही होत नसेल तर ती सोय बंद असेल. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये `Glide typing` उघडा, तिथे `Enable gesture cursor control` चालू करा.

आता "आशिर्वाद". मी पंचवीसेक वर्षं मराठी अक्षरजुळणी करतोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण अडचण तुमच्या बोटात नाही, वेलांटीत आहे. पहिली वेलांटी डोळ्यांना श च्या आधी दिसते, पण फोनमध्ये ती श च्या नंतर साठवलेली असते. आधी श, मग वेलांटी. बॅकस्पेस कर्सरच्या लगेच आधी साठवलेली खूण खोडतं. तुम्ही कर्सर शि च्या डावीकडे नेलात, तिथे आधी आ होता, तो गेला.

म्हणून असं करा. कर्सर शब्दाच्या शेवटी, द च्या पुढे आहे असं धरू. स्पेसबारवर बोट डावीकडे सरकवा. पहिल्या टप्प्यात तो द ओलांडेल. दुसऱ्या टप्प्यात सबंध र्वा ओलांडेल, कारण र्वा हे रफारासकट एकच अक्षर धरलं जातं, त्याच्या पोटात कर्सर थांबत नाही. आता तो शि आणि र्वा यांच्या मध्ये आहे. बॅकस्पेस एकदाच. फक्त वेलांटी जाईल, श राहील. तिथेच दुसरी वेलांटी द्या. आशीर्वाद. कर्सर अक्षराच्या उजवीकडे न्यायचा आणि एकेक खूण सोलत यायचं, हे मराठीत कायम लक्षात ठेवा.

रश्मी_पी

जुळारी, मी तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बॅकस्पेसने वेलांटी गेली, पण दुसरी वेलांटी देता येईना. मी इंग्रजी अक्षरांत लिहिते, ते आपोआप मराठी होतं. i दाबलं की वेलांटीऐवजी सुटा "इ" येतो, म्हणजे "आशइर्वाद" असं काहीतरी होतं.

जुळारी

रश्मी, हो, तो वेगळा कळफलक आहे. तिथे तुम्ही नव्याने टाइप केलेल्या इंग्रजी अक्षरांचा शब्द बनतो. आधीच्या श शी तो i जोडला जात नाही, म्हणून एकटी वेलांटी देता येत नाही. त्या कळफलकावर शब्दाच्या आत शिरूच नका. शब्दावर दोनदा टॅप करा, तो पूर्ण निवडला जाईल, आणि त्याच्यावरच नवा शब्द लिहा. आधी खोडायचीही गरज नाही. किंवा देवनागरी कळफलकही घालून ठेवा. भाषेची चौकट, जी सुनेत्राताईंना नको असताना उघडते, ती इथे उपयोगी पडेल.

अण्णा_सातारा

मला वाटतं तुम्ही सगळे उगाच त्रास घेताय. पाठवलेला निरोप दाबून धरला की व्हॉट्सॲपमध्ये दुरुस्त करता येतो. आमच्या गटावर परवा श्रद्धांजलीच्या निरोपात एकाने तारीख चुकवली होती, त्याने मागाहून बदलली. माझा प्रश्न असा की मी काल सकाळचा निरोप आज दुरुस्त करायला गेलो तर तो पर्यायच दिसत नाही. शिवाय माझ्या हाताला कंप आहे, ते सरकवणं मला जमत नाही. एका अक्षराऐवजी चार अक्षरं पुढे जातो.

जुळारी

अण्णा, पाठवल्यानंतर 15 मिनिटांपर्यंतच दुरुस्ती करता येते, म्हणून कालच्या निरोपाला पर्याय दिसत नाही. आणि दुरुस्ती उघडली तरी आत कर्सर न्यायचाच असतो, ते काम सुटत नाही.

कंपासाठी मात्र चांगला उपाय आहे. जीबोर्डच्या वरच्या पट्टीतलं चार चौकोनांचं चिन्ह दाबा, त्यात `Text editing` मिळेल. अक्षरांच्या जागी मोठे बाण येतात. डावा बाण एकदा दाबला की एकच अक्षर मागे. सरकवायचं काहीच नाही, बोट थरथरलं तरी कळ मोठी असल्यामुळे चूक होत नाही.

सुनेत्राताई, तुमच्या चार-पाच ओळींचं उत्तरही इथेच आहे. कर्सर निवडायच्या मजकुराच्या सुरुवातीला आणा, बाणांच्या मधली `Select` कळ दाबा, मग खालचा बाण दाबत जा. प्रत्येक वेळी एकेक ओळ निवडीत येते. शेवटच्या ओळीत उजव्या-डाव्या बाणाने अक्षरापर्यंत नेमकं थांबा. मग `Copy`, कर्सर नव्या जागी, `Paste`. जुन्या जागेवरचा मजकूर त्यानंतरच खोडा. पेस्ट झाल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कधीच खोडत नाही.

मिलिंद_ठाणे

माझी माहिती आयफोनपुरतीच होती, हे कळलं. पण निवडीसाठी एवढं कशाला? शब्द दाबून धरा, दोन्ही बाजूंना ते निळे थेंब येतात, ते ओढले की झालं.

जुळारी

एका-दोन शब्दांसाठी तेच वेगवान आहे. त्यात एक खुबी आहे. थेंब बाहेर ओढत नेला की निवड शब्दाशब्दाने वाढते, म्हणून अर्धा शब्द धरता येत नाही असं वाटतं. बोट न उचलता तसाच थोडा मागे आणा, आता अक्षराअक्षराने कमी होते. "गावकरी" मधलं फक्त "गाव" हवं असेल तर आधी पूर्ण शब्द, मग मागे. लांब मजकुरात मात्र थेंब ओढताना पान सरकायला लागतं आणि निवड हातातून निसटते. म्हणून तिथे मी बाण वापरतो.

सुनेत्रा_वाचनालय

मनापासून आभार. बोट न थांबवता सरकवल्यावर कर्सर लगेच हलला. आशीर्वाद जमला. "उज्वल" चं "उज्ज्वल" सुद्धा केलं: उ आणि ज्व यांच्या मध्ये थांबून ज आणि हलन्त दिला, जोडाक्षरात शिरावंच लागलं नाही.

पण "ग्रव" लिहिलं गेलं होतं तिथे अडले. "गर्व" करायचा होता. ग्र च्या पुढे थांबून एकदा बॅकस्पेस दिलं तर समोर भलतंच "ग्व" दिसायला लागलं. घाबरून मागे फिरले.

जुळारी

तुम्ही बरोबर मार्गावर होतात. र गेला, पण ग चा हलन्त राहिला, आणि तो पुढच्या व ला जाऊन चिकटला, म्हणून ग्व. कर्सर अजून त्या दोघांच्या मध्येच आहे, फक्त दिसताना विचित्र जागी दिसतो. त्या क्षणी कर्सर हलवायचा नाही, नाहीतर तो पूर्ण ग्व ओलांडून जाईल. तसंच आणखी एकदा बॅकस्पेस द्या, हलन्त जाईल, "गव" दिसेल. आता र, मग हलन्त. रफार व च्या डोक्यावर जाऊन बसेल.

अनुस्वाराचंही असंच. "आनदं" झालं असेल तर शेवटी एकदा बॅकस्पेस, अनुस्वार गेला. स्पेसबारवर एक टप्पा डावीकडे, न आणि द च्या मध्ये, तिथे अनुस्वार. आनंद.

अण्णा_सातारा

बाणांची पाटी सापडली. मोठी आहे, छान चालते. पण प्रत्येक वेळी ती उघडायला वरचं चिन्ह शोधावं लागतं.

जुळारी

अण्णा, चार चौकोन उघडल्यावर `Text editing` चं चिन्ह दाबून धरा आणि ओढून वरच्या पट्टीत सोडा. मग ते तिथेच राहील.

रश्मी_पी

सुनेत्राताईंसारखी ती भाषेची चौकट मलाही सारखी उघडते, मी बोट जरा हळू सरकवते म्हणून. ती उशिरा उघडेल असं करता येतं का?

जुळारी

जीबोर्डच्या `Preferences` मध्ये `Key long press delay` आहे, तो आकडा वाढवून बघा. इतर कळांना त्याने नक्की फरक पडतो. स्पेसबारवर किती पडतो ते तुमच्या फोनवर करून इथे सांगा, मी स्वतः पटकन सरकवतो त्यामुळे मला कधी लागलं नाही.

रश्मी_पी

वाढवला. आज दिवसभर वापरून उद्या लिहिते.