'विसरण' म्हटलं की उष्णता काय विसरते?

खाडीकाठ (ठाणे)
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी गणिताच्या टिपणांचं मराठी करते आहे. गणित नीट उतरलं, पण एका क्रियापदाशी अडून बसले आहे.

उदाहरण असं: दोन्ही बाजूंना न संपणारी तांब्याची कांब आहे. सुरुवातीला तिच्या मध्यावर भोवतालापेक्षा ६० अंश जास्त तापमान आहे आणि तिथून ते दोन्हीकडे घंटेच्या आकारात उतरतं, म्हणजे गाउसचा वक्र. पुढे काय होतं ते फूरिये रूपांतराने काढायचं. शेवटी मी लिहिलं, 'काळ जातो तसं उष्णतेचं विसरण होतं आणि वक्र रुंदावतो.'

माझ्या वहिनी नौपाड्यात मराठीची शिकवणी घेतात. त्यांना वाचायला दिलं तर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "उष्णता काय विसरली गं?" मी म्हटलं, वहिनी, हा शाळेच्या विज्ञानातला शब्द आहे. त्यांनी विचारलं, "मग याचं क्रियापद काय? 'उष्णता विसरते' असं लिहिशील?"

नाही लिहिता येत. तेव्हापासून प्रत्येक वाक्यात 'विसरण होते', 'विसरण पावते' अशा कुबड्या घेते आहे. तुम्ही काय लिहाल?

सरळवाट
दोन शब्द वेगळ्या घरांतले आहेत ताई. 'विसरण' हे वि + सृ, सरकण्यातलं. 'विसरणे' हे वि + स्मृ, स्मरणातलं. प्राकृतातून येताना त्यातला 'म' गळला आणि दोघांचे चेहरे सारखे झाले.

सृ धातूची बाकीची मुलंही शाळेत भेटलेली आहेत, पण सगळ्यांना कामं लागलेली. 'अभिसरण' म्हटलं की गरम पाणी वर जाऊन गार पाणी खाली येणं. 'परासरण' म्हटलं की पडद्यातून पाणी शिरणं. 'प्रसरण' तर इथे घातकच, कारण तापलेली कांब खरोखर लांबीने वाढते आणि मुलं तेच समजतील. त्यामुळे नाम 'विसरण'च ठेवा. क्रियापद 'पसरणे' घ्या. तेही प्र + सृ, म्हणजे त्याच घरातलं.

तिठा
'विसर्ग'ही त्याच घरातला ना? वि + सृ, बाहेर सोडलेला श्वास.

सरळवाट
नाही. विसर्ग हा सृज् चा, सोडणे या अर्थी. विसर्जन त्याचं भावंड. सृ आणि सृज् वेगळे.

तिठा
माझे आजोबा कीर्तनकार होते. ते दोन्ही एकच सांगायचे. मला ते पटतं, कारण सोडल्याशिवाय काही सरकत नाही.

जुना_फळा (ऐरोली)
मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. मला वाटतं वहिनींनी नकळत गणिताच्या गाभ्यावर बोट ठेवलं आहे. इथे 'विसरणे' हा अर्थ चुकीचा नाही. कसं ते दाखवतो.

फूरिये रूपांतर घेतलं की तापमानाचा वक्र लहानमोठ्या लाटांत मोकळा होतो. समीकरण `u_t = k·u_xx`, यात u म्हणजे तापमान आणि k म्हणजे त्या धातूत उष्णता किती चटकन पसरते तो आकडा. रूपांतरात `u_xx` च्या जागी लाटेला `-ω²` ने गुणणं येऊन बसतं, आणि प्रत्येक लाट बाकीच्यांकडे न बघता आपापली विझते. विझण्याचा गुणक `exp(-kω²t)`. बारीक लाट, म्हणजे मोठा ω, आधी मरते, आणि ω चा वर्ग असल्यामुळे फार आधी मरते. तांब्यासाठी k सेकंदाला सुमारे १.१ चौरस सेंटिमीटर आहे. दोन सेंटिमीटर लांबीची लाट घ्या, ω म्हणजे π. एका सेकंदात ती सुमारे पन्नास हजारांत एक भाग उरते. म्हणजे कांबीने तो बारकावा एका सेकंदात विसरला.

आता गाउसच्या वक्राची गंमत बघा. त्याची रुंदी σ म्हटली, तर त्याचं रूपांतर पुन्हा गाउसचाच वक्र, `exp(-σ²ω²/2)`. त्याला विझण्याचा गुणक लावला की घातांकांची नुसती बेरीज होते: σ² च्या जागी σ²+2kt. उलटं रूपांतर नव्याने करावंच लागत नाही, ओळख पटते.

```
u(x,t) = A·σ/√(σ²+2kt) · exp( -x² / (2(σ²+2kt)) )
```

ताईंच्या कांबीत A = ६०, आणि σ दोन सेंटिमीटर धरू. शिखर निम्मं, म्हणजे ३० अंश, केव्हा? मुळाखाली चौपट झालं की, म्हणजे 2kt = १२. उत्तर साडेपाच सेकंद. त्या क्षणी रुंदी बरोबर दुप्पट, चार सेंटिमीटर.

मुलांना एक तपासणी जरूर लिहून द्या. t = 0 घातल्यावर ६० परत आलं पाहिजे. रूपांतरातला 2π कुणी पुढे लावतं, कुणी मागे, आणि दोन टिपणांची सरमिसळ झाली की उत्तर नेमकं त्याच गुणकाने चुकतं. आकार बरोबर दिसतो म्हणून चूक लक्षात येत नाही.

गणितदिवा
सर, प्रत्येक लाट घातांकी विझते म्हणजे शिखरही घातांकीच उतरणार ना? साडेपाच सेकंदांत निम्मं, मग अकरा सेकंदांत पाव, म्हणजे १५ अंश. चहा निवतो तसं. तसं असेल तर 'पसरणे' कशाला, सरळ 'निवणे' लिहा. अस्सल मराठी आहे.

जुना_फळा (ऐरोली)
पहिलं वाक्य बरोबर, त्यावरून काढलेलं दुसरं चूक. सूत्रात ११ सेकंद घालून बघा, शिखर साडेबावीसच्या आसपास येतं. १५ अंशांवर यायला एकूण २७ सेकंद लागतात. पहिल्यांदा निम्मं व्हायला साडेपाच, दुसऱ्यांदा निम्मं व्हायला जवळजवळ बावीस. दर खेपेला चौपट वेळ.

कारण असं, की प्रत्येक लाटेचा विझण्याचा वेग वेगळा आहे, आणि कांब अनंत असल्यामुळे सर्वांत संथ लाट अशी नाहीच. कितीही संथ लाट घेतली तरी तिच्याहून संथ एक असते. त्या सगळ्यांची बेरीज घातांकी राहत नाही, वर्गमुळाने उतरते. कांब आखूड असती आणि टोकं बर्फात असती, तर एक सर्वांत संथ लाट उरली असती आणि शेवटी तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं.

'निवणे'ला माझा विरोध दुसऱ्याच कारणासाठी. चहाची उष्णता हवेत जाते. या कांबीतून बाहेर काहीच जात नाही असं आपण धरलं आहे. ω = 0 ठेवा, गुणक एक येतो, म्हणजे एकूण उष्णता कायम. मधला भाग उतरतो कारण बाजूचा चढतो.

गणितदिवा
आकडे घालून बघितले, तुमचं बरोबर आहे. पण 'निवणे' मी सोडत नाही. आमच्याकडे भात परातीत पसरून निवत घालतात. पसरण्यानेच निवतो.

गॅसवाला_रबाळे
मी रबाळ्याला एसीच्या तांब्याच्या नळ्या जोडतो. तुम्ही म्हणता कांब विसरते, आम्हाला तर ती काही विसरू देत नाही. इकडे ज्योत लावली की गरमी धावत पलीकडच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते आणि आतलं रबर जातं. म्हणून व्हॉल्व्हला ओलं फडकं गुंडाळतो. फडकं सुकलं की परत भिजवायचं. सुरुवातीला एकदा सुकलेलं कळलं नाही आणि व्हॉल्व्ह गळायला लागला, सगळं काम पुन्हा केलं. आम्ही 'गरमी धावते' म्हणतो. पुस्तकात हाच शब्द का नको?

जुना_फळा (ऐरोली)
दादा, तुमचा प्रसंग या गणितापेक्षा अवघड आहे. तुम्ही ज्योत धरून ठेवता, म्हणजे उष्णता सतत येत असते. इथे सुरुवातीला एकदा दिली आणि हात काढून घेतला. पण 'धावते' बद्दल सांगतो: धावणारी वस्तू दुप्पट वेळात दुप्पट अंतर जाते. इथे दुप्पट अंतराला साधारण चौपट वेळ लागतो. तुमचा व्हॉल्व्ह जोडापासून थोडा लांब असला तर किती जास्त वेळ मिळतो, ते तुमच्या हाताला ठाऊक असणारच.

गॅसवाला_रबाळे
हे खरं आहे. चार बोटं लांब असला की खूप फरक पडतो. पण ज्योत जवळ असताना ती धावतेच हो.

खाडीकाठ (ठाणे)
सर, 'विसरणे' बद्दल तुमचं म्हणणं मनात घोळतं आहे. काल संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर उभी होते. गाडी आली, फलाटाच्या मध्यावर माणसांचा ढीग झाला, आणि हळूहळू दोन्ही जिन्यांकडे गर्दी पांगली. माणसं तितकीच, दाटी कमी. तेव्हा वाटलं, 'पांगणे' लिहावं. 'उष्णता पांगते.' वहिनींना हे लगेच चाललं.

सरळवाट
पांगायला सुटे दाणे लागतात. माणसं पांगतात, गुरं पांगतात, ढग पांगतात. उष्णता अखंड आहे. 'पाणी पांगलं' कुणी म्हणत नाही.

जुना_फळा (ऐरोली)
पण 'पांगणे'च्या बाजूने एक भक्कम साक्ष आहे. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने पाण्यातल्या तरंगत्या कणांच्या भटकण्याचा हिशोब केला. कणांच्या विस्थापनाच्या वर्गाची सरासरी 2Dt निघते, म्हणजे आपल्या σ² मध्ये वाढलेलं तेच 2kt. सुटे दाणे आणि अखंड उष्णता यांचं गणित एकच आहे.

तरी मी 'विसरण'च ठेवेन, आणि मुलांना दोन्ही अर्थ सांगेन. फूरियेचा उष्णतेवरचा ग्रंथ १८२२ चा. त्यातलं समीकरण पुढे चालवायला सोपं, मागे चालवायला भयंकर. मागे जायचं तर प्रत्येक लाटेला त्याच गुणकाने भागावं लागतं. दोन सेंटिमीटरच्या लाटेत मोजणीची चूक एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकी असली, तरी एक सेकंद मागे जाताना ती ५० अंशांची होते. ताईंचा वक्र मुळात किती मागे नेता येतो ते बघा: σ²+2kt शून्य होईपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ सेकंद. त्या क्षणी सगळी उष्णता एका बिंदूत असते, आणि त्याच्या मागे उत्तरच नाही. सुरुवातीचा आकार वेगळा असता, म्हणजे दोन उंचवटे किंवा चौकोनी ठोकळा, तरी पुरेशा वेळाने वक्र जवळजवळ असाच दिसला असता. मग कांबीला आठवण राहते ती एकूण उष्णतेची आणि साधारण मध्याची. याला 'विसरणे' नाही तर काय म्हणायचं?

सरळवाट
सर, अर्थ सुंदर जुळतो, म्हणून व्युत्पत्ती बदलत नाही. ताईंच्या टिपणात तळटीप नसेल तर मुलं परीक्षेत वि + स्मृ लिहून येतील.

तिठा
आणि ते 'फूरिये' की 'फोरियर'? आमच्या कॉलेजात सगळे 'फोरियर' म्हणायचे. अख्ख्या ठाण्यात जे रूढ आहे ते चूक कसं?

सरळवाट
माणसाचं नाव आहे. ज्याचं नाव त्याने जसं उच्चारलं तसंच लिहावं. फूरिये.

तिठा
मग 'गाउस' का, 'गॉस' का नाही? आमच्या सरांनी फळ्यावर गॉसच लिहिलं होतं.

गणितदिवा
माझ्या वहीत 'गौस' आहे. आणि भात पसरूनच निवतो.