शब्दचर्चा : ‘निविदापूर्व बैठक’ म्हणजे निविदेच्या आधीची बैठक?

मसुदा_नाशिक
गोदावरीकाठच्या घाटदुरुस्तीची निविदा निघाली आहे. तिच्या बैठकीची सूचना मराठीत लिहायची आहे. मसुदा असा :

‘इच्छुक निविदाकारांना कळविण्यात येते की, सदर कामाची निविदापूर्व खुलासा बैठक दि. 12 मार्च 2026 रोजी सकाळी 11.30 वा. कार्यालयाच्या सभागृहात, त्र्यंबक रोड, नाशिक येथे होईल. शंका दि. 9 मार्चपूर्वी पाठवाव्यात. बैठकीस उपस्थिती आवश्यक आहे.’

निविदा तर प्रसिद्ध झालेली आहे. मग ‘निविदापूर्व’ कसे? आणि ‘खुलासा’ हा शब्द इथे बसतो का?

पंचवटीकर
‘निविदापूर्व’ चूकच आहे. इंग्रजीत ही ‘प्री-बिड मीटिंग’, आणि बिड म्हणजे बोली, म्हणून ‘बोलीपूर्व बैठक’ लिहा. सरळ हिशेब.

कलमदर
हिशेब अर्धाच बरोबर आहे. ‘बोलीपूर्व’ हा शब्द काही कागदांत दिसतो, आणि बोली म्हणजे बिड हेही खरे. पण मराठी कानाला बोली म्हटले की लिलाव आठवतो, एकाने आकडा बोलायचा आणि दुसऱ्याने तो वाढवायचा. इथे तर दर लिफाफा क्र. 2 मध्ये बंद असतो, तोंडाने कोणी काही बोलत नाही.

‘निविदापूर्व’ खटकते, कारण निविदा हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. कार्यालय ‘निविदा काढते’ तेव्हा तो मागणीचा कागद असतो, आणि ठेकेदार ‘निविदा भरतो’ तेव्हा तो त्याचा देकार असतो. ‘निविदापूर्व’मधली निविदा दुसरी, म्हणजे भरण्याची. कार्यालयांत हा शब्द रुळलेला आहे, तो ठेवायला हरकत नाही. नवख्या माणसाचा घोळ होऊ नये म्हणून पहिल्याच वाक्यात ‘निविदा सादर करण्यापूर्वीची’ असे एकदा लिहून टाका.

‘खुलासा’ मात्र मी काढेन. कार्यालयात ‘खुलासा मागवला’ म्हणजे चूक करणाऱ्याकडून लेखी उत्तर मागवले. ठेकेदाराला ‘खुलासा बैठकीस या’ म्हटले तर आपणच काही चुकलो की काय, असे त्याला वाटेल. ‘शंकानिरसन बैठक’ लिहा. शंका त्यांच्या, निरसन कार्यालयाचे, एका शब्दात दोघांचे काम येते.

पंचवटीकर
शंकानिरसन प्रवचनानंतर होते! ‘स्पष्टीकरण बैठक’ काय वाईट आहे?

कलमदर
वाईट नाही. ज्याला जे रुचेल ते घ्यावे, फक्त एका कागदात एकच शब्द ठेवा. वर ‘स्पष्टीकरण’ आणि खाली ‘खुलासा’ असे झाले की, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का, अशी शंका पहिल्याच पत्रात येते.

सिन्नरकर
माझाही प्रश्न याच बैठकीचा. आम्ही पाइप पुरवतो. एका कार्यालयाच्या सूचनेत ‘9 तारखेपूर्वी’ होते. आम्ही 9 ला दुपारी मेल केला, तर उशीर झाला म्हणाले. मग बयाणा रक्कम परत मिळेल का?

कलमदर
सिन्नरकर, शंका उशिरा गेल्याने बयाण्याला काही होत नाही. तुम्ही निविदा भरलीच नसेल तर बयाणा भरण्याचाही प्रश्न नव्हता. भरली असेल, तर परतीची अट त्याच निविदेत पाहा, ती वेगळी आहे.

पण तुमची अडचण नेमकी शब्दाचीच आहे. ‘9 मार्चपूर्वी’ म्हणजे 8 मार्चअखेर, कारण ‘पूर्वी’मध्ये तो दिवस येत नाही. ‘9 मार्चपर्यंत’मध्ये तो दिवस येतो, पण कार्यालय बंद होईपर्यंत की रात्री बारापर्यंत, हे राहतेच. आणि ‘9 मार्च रात्री 12’ लिहिले की 8 आणि 9 मधली रात्र की 9 आणि 10 मधली, हा वाद ठरलेला. म्हणून दिवस, वार आणि वेळ तिन्ही लिहावे : ‘सोमवार, दि. 9 मार्च 2026, सायंकाळी 5.00 वाजेपर्यंत’.

क्रियापदही बघा. ‘पाठवाव्यात’ म्हणजे पाठवण्याची वेळ मोजायची, ‘प्राप्त व्हाव्यात’ म्हणजे पोहोचण्याची. टपालाने पाठवणाऱ्याला यात दोन दिवसांचा फरक पडतो. ‘प्राप्त झालेल्या शंकाच विचारात घेतल्या जातील’ असे लिहिले की भांडण मिटते.

मसुदा_नाशिक
शंका कोणत्या नमुन्यात मागवाव्यात, तेही सुचेना. तीन पानी पत्रे येतात, त्यात शंका शोधावी लागते.

कलमदर
तक्ता द्या : अनुक्रमांक, पान क्रमांक, कलम क्रमांक, कलमाचा मूळ मजकूर, शंका, सुचवलेला बदल. स्कॅन नको, एक्सेलची फाइल मागा, कारण उत्तराचा रकाना त्यातच जोडायचा असतो.

उदाहरण घ्या. कलमात आहे, ‘मागील 3 वर्षांत समान स्वरूपाचे एक काम पूर्ण केलेले असावे’. कोणी लिहिले, ‘अट शिथिल करावी’, तर उत्तर येणार, ‘निविदेतील अट कायम’. तोच विचारणारा लिहील की, ‘3 वर्षे आर्थिक वर्षे धरायची की निविदा प्रसिद्धीच्या तारखेपासून मागे मोजायची? नदीकाठची दगडी भिंत समान स्वरूपाची धरली जाईल का?’, तर कार्यालयाला हो किंवा नाही म्हणावेच लागते. शंका म्हणजे मागणी नव्हे, हे सूचनेत एका ओळीत सांगितले तर निम्मी पत्रे सुधारतात.

उत्तरांत विचारणाऱ्याचे नाव छापू नये. कोण किती तयारीने उतरतो आहे, हे इतरांना कळण्याचे कारण नाही.

पंचवटीकर
आणि ‘उपस्थिती आवश्यक’? जो आला नाही तो अपात्रच. बैठक ठेवली म्हणजे ती बंधनकारक असतेच.

कलमदर
नाही, असते असे नाही. त्या निविदेत तशी अट असेल तरच. ‘आवश्यक’ हा शब्द इथे धोक्याचा आहे, तो विनंती वाटतो आणि नंतर अट म्हणून वापरता येतो. ‘ऐच्छिक’ किंवा ‘बंधनकारक’ यांपैकी एक स्पष्ट लिहा. बंधनकारक करायचे असेल तर न आल्यास काय होईल, तेही लिहा आणि मूळ निविदेत ते आहे का, हे आधी पाहा. सूचनेतून नवी अपात्रता शिरवली तर तक्रार येणारच.

माझे मत ऐच्छिक ठेवण्याकडे आहे. सक्ती केली की सगळे स्पर्धक एका खोलीत, एका हजेरीपत्रकावर येतात आणि भरणारे किती व कोण, हे सर्वांना आधीच कळते.

गंगाघाट
घाटाच्या कामात जागा न बघता दर भरणारे नंतर पाण्याची पातळी, यंत्र उतरवायला वाट नाही, अशी कारणे पुढे करतात. अशा कामाला सक्ती हवी.

कलमदर
सक्ती जागेच्या पाहणीची करा, बैठकीची नको. पाहणीला प्रत्येकाला वेगळी वेळ देता येते.

गंगाघाट
वेगळ्या वेळी सोबत जायला माणूस कोण देणार? हे मला पटलेले नाही.

मसुदा_नाशिक
सुधारून लिहिले आहे :

‘सदर कामाची निविदा सादर करण्यापूर्वीची शंकानिरसन बैठक गुरुवार, दि. 12 मार्च 2026 रोजी सकाळी 11.30 वा. कार्यालयाच्या सभागृहात, दुसरा मजला, त्र्यंबक रोड, नाशिक येथे होईल. सोमवार, दि. 9 मार्च 2026 रोजी सायंकाळी 5.00 वाजेपर्यंत विहित तक्त्यात ई-मेलने प्राप्त झालेल्या शंकाच विचारात घेतल्या जातील. उपस्थिती ऐच्छिक आहे. प्रत्येक निविदाकाराच्या जास्तीत जास्त 2 प्रतिनिधींना प्राधिकारपत्र व मूळ ओळखपत्र दाखवून प्रवेश मिळेल. बैठकीतील तोंडी उत्तरे बंधनकारक नाहीत. निविदेतील बदल केवळ शुद्धिपत्रकाद्वारे होतील.’

कलमदर
चांगले झाले. शेवटचे वाक्य सर्वांत कामाचे आहे. इतिवृत्तात काय बोलले गेले ते असते, शुद्धिपत्रकात काय बदलले ते असते. इतिवृत्तात ‘मान्य’ आहे पण शुद्धिपत्रक निघालेच नाही, असे झाले की एक जण जुन्या अटीवर आणि दुसरा नव्या अटीवर दर भरतो. मग लिफाफे उघडल्यावर तुलनाच जुळत नाही.

एक काम राहिले. mahatenders.gov.in वर `Clarification End Date` आणि `Pre Bid Meeting Date` असे वेगळे रकाने आहेत. तिथली तारीख आणि वेळ सूचनेशी मिनिटापर्यंत जुळवा. सूचनेत 5.00 आणि पोर्टलवर 6.00 राहिले, तर 5.20 ला आलेला मेल नाकारता येणार नाही.