पेटीवर काय उतरत नाही, ते ऐका

> मींड आणि मुरकी मला सारखीच वाटते. गमक तर ओळखताच येत नाही.

फोंड्याकडच्या भजनांत गायकामागोमाग वाजणारी पेटी नीट ऐका. शुद्ध कल्याणात पंचमावरून गंधारावर गळा घसरत येतो, तीव्र मध्यम वाटेत निसटता लागतो. ही मींड. पेटीवर तिथे पायऱ्याच पडतात. मुरकी मात्र पेटीवर बरीचशी उतरते, कारण 'रेगरेसा' क्षणात, हलके आले तरी स्वर सुटे असतात. शंका आली तर ध्वनिमुद्रण अर्ध्या वेगाने लावा: स्वर मोजता आले तर मुरकी, नुसती घसर राहिली तर मींड.

गमकेत प्रत्येक स्वर शेजारच्या स्वरावरून जोरात हेलकावून येतो, आवाजात वजन असतं. दरबारीतला संथ डोलणारा कोमल गंधार मात्र गमक नव्हे, ते आंदोलन. माझीही इथेच गल्लत व्हायची.