'आपण आमचे कर्मचारी नाही' एवढं लिहिलं की झालं?

भोसरीवाला:
आमचा भोसरीत गिअर पार्ट्सचा छोटा कारखाना आहे. वाहन उद्योगातलं आयएटीएफ 16949 हे क्वालिटीचं सर्टिफिकेट घ्यायचंय, म्हणून एका निवृत्त क्वालिटी मॅनेजरना सल्लागार म्हणून घेतोय. आमच्या नेहमीच्या अपॉइंटमेंट लेटरमधून पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे परिच्छेद काढले आणि खाली ठळक अक्षरात लिहिलं, 'आपण कंपनीचे कर्मचारी नाही.' महिना 60 हजार, वेळ 9 ते 6, सगळ्यांबरोबर 7 तारखेला पैसे. तरी गृहस्थ म्हणतात पत्र बदला. एवढ्या कामाला पाच पानं कशाला? ही सल्लागार मंडळी उगाच वकिली करतात.

हिशोबी_बाई:
तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही, कारण असली पत्रं निस्तरायला शेवटी आमच्याच टेबलावर येतात. त्या गृहस्थांचं बरोबर आहे. शेवटच्या ओळीत तुम्ही म्हणता ते कर्मचारी नाहीत, आणि वरच्या प्रत्येक ओळीत सिद्ध करता की ते आहेत. 9 ते 6 वेळ, सगळ्यांबरोबर पैसे, आणि तुमच्या अपॉइंटमेंट लेटरच्या नमुन्यात रजेचा आणि 'वरिष्ठांच्या आदेशानुसार काम' असा परिच्छेद असतो, तोही राहिलाच असणार. उद्या पीएफचा इन्स्पेक्टर आला तर तो ठळक ओळ वाचत बसणार नाही. तो हजेरीचं मशीन बघेल.

सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये ध्रांगध्रा केमिकल्सच्या प्रकरणात मिठागरातल्या आगरियांबद्दल हाच प्रश्न पाहिला होता. काम काय करायचं एवढंच मालक सांगतो, की ते कसं करायचं हेही तोच ठरवतो? आगरिये कामगार ठरले. त्यानंतर कसोट्या वाढल्या, पण हा प्रश्न आजही पहिला विचारला जातो.

म्हणून पत्राची सुरुवात कामापासून करा. 'क्वालिटी सिस्टिमबाबत मार्गदर्शन' म्हणजे काहीच नाही, त्यात कॅन्टीनच्या तक्रारीसुद्धा बसतात. असं लिहा: पहिलं काम, सध्याची पद्धत आणि मानक यांतल्या फरकाचा लेखी अहवाल. दुसरं, ठरलेल्या कार्यपद्धतींचं पुनर्लेखन, त्यांची यादी पत्राला जोडलेली. तिसरं, एक पूर्ण अंतर्गत ऑडिट आणि मॅनेजमेंट रिव्ह्यूची तयारी. चौथं, सर्टिफिकेशन संस्थेच्या दोन्ही टप्प्यांच्या ऑडिटमध्ये निघालेल्या त्रुटींची उत्तरं तयार करून देणं. आणि काय येत नाही तेही लिहा: रोजची तपासणी, ग्राहकांच्या तक्रारी, नवीन माणसांची भरती. हे लिहिलं नाही की तिसऱ्या महिन्यात तुमचा प्लान्ट हेड त्यांना रिजेक्शनच्या मीटिंगला बसवणार. तेव्हापासून ते सल्लागार राहत नाहीत.

चाकणचा_जुना:
हिशोबी बाईंना पूर्ण पाठिंबा. मी स्वतः निवृत्तीनंतर हेच करतो. एक भर घालतो: महिन्याची ठरावीक रक्कम घेतली की माणूस कर्मचारीच ठरतो. त्यामुळे 60 हजार महिना हा शब्दच पत्रात नको.

उलटतपासणी:
'ठरावीक रक्कम म्हणजे कर्मचारी' हे साफ चूक आहे, आणि असल्या अर्धवट गोष्टींमुळेच लोक नको ते घाबरतात. पुण्याच्या रुबी हॉलचंच प्रकरण घ्या. प्राप्तिकर खात्याचं म्हणणं होतं की तिथल्या सल्लागार डॉक्टरांना पगार मिळतो, म्हणून टीडीएस पगारासारखा कापा. 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याचं ऐकलं नाही. पूर्ण करार आणि डॉक्टरांचं प्रत्यक्ष स्थान पाहिलं. रक्कम ठरावीक असणं एवढ्यावर निकाल लागत नाही.

आणि हिशोबी बाई, तुम्हीही कागदाला फारच कमी लेखता. 2020 मध्ये सुशीलाबेन गांधी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टर आणि संस्था यांच्यातल्या कराराचा शब्दन् शब्द वाचला. विमा कंपनी म्हणत होती की अपघातात गेलेले डॉक्टर कर्मचारी होते, म्हणून आमची जबाबदारी मर्यादित. न्यायालय म्हणालं, ते सेवा पुरवणारे स्वतंत्र व्यावसायिक होते. कुटुंबाला त्याचा फायदा झाला. तेव्हा भोसरीवाल्यांच्या ठळक ओळीला काहीच किंमत नाही असं म्हणू नका.

हिशोबी_बाई:
ओळीला किंमत आहे, हे मान्य. पण ते करार तुम्हीच सांगता तसे पूर्ण होते, कामाची आणि पैशाची रचना त्या ओळीशी जुळत होती. इथे बाकीचं पत्र त्या ओळीच्या विरुद्ध साक्ष देतंय. माझं म्हणणं एवढंच होतं.

आईची_काळजी:
माझ्या मुलीला एका कंपनीने 'सल्लागार' म्हणून घेतलंय. पंच करून आत जाते, सुट्टी घेतली की पैसे कापतात, दुसरं काम करायला बंदी. दहा टक्के टीडीएस कापतात म्हणून एचआर सांगतात पीएफचा प्रश्नच येत नाही. तिने आता काय मागायचं?

हिशोबी_बाई:
ताई, धाग्याचा प्रश्न उलट्या बाजूचा आहे, पण तुमचा जास्त महत्त्वाचा. टीडीएस कोणत्या कलमाखाली कापला यावरून पीएफचा हक्क ठरत नाही. हजेरीचे उतारे, रजा कापल्याच्या मेल, काम कोण सांगतं त्याचे मेसेज जपून ठेवायला सांगा. दावा टिकेल की नाही हे मी इथून सांगू शकत नाही, पत्र बघावं लागेल. आणि तिचं काम डिझाइनचं किंवा लेखनाचं असेल तर आणखी एक. कर्मचाऱ्याने नोकरीत केलेलं काम कॉपीराइट कायद्याने मालकाचं होतं, स्वतंत्र सल्लागाराचं सहसा लेखी हस्तांतराशिवाय होत नाही. दोन्हीकडचे फायदे कंपनीला घेता येत नाहीत.

भोसरीवाले, हा मुद्दा तुम्हालाही लागतो. कार्यपद्धतींचे दस्तऐवज सल्लागार लिहिणार. ते तुमच्या मालकीचे व्हायला पत्रात हस्तांतराचं वाक्य हवं, मुदत आणि प्रदेशासकट. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

भोसरीवाला:
सगळे कायदे मलाच. ठीक आहे, 9 ते 6 काढतो. पण महिन्याला पैसे नाहीत तर किती, कधी द्यायचे ते तरी सांगा. मी माणसाला फुकट बसवून पैसे देणार नाही.

हिशोबी_बाई:
काम आठ महिन्यांचं धरलं तर 60 हजारांनी 4,80,000 होतात. तेच चार भागांत द्या, प्रत्येकी 1,20,000. पहिला सही होताना, दुसरा फरकाचा अहवाल स्वीकारल्यावर, तिसरा अंतर्गत ऑडिट झाल्यावर, चौथा दुसऱ्या टप्प्याच्या ऑडिटमधल्या त्रुटींची उत्तरं दिल्यावर. 'स्वीकारल्यावर' हा शब्द धोक्याचा आहे, म्हणून लिहा की दहा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर स्वीकारलं असं समजावं. शेवटचा हप्ता सर्टिफिकेट मिळण्यावर टांगू नका. ऑडिटची तारीख तुम्ही पुढे ढकललीत तर त्यांचे पैसे का अडकावेत? 'उत्तरं दिल्यावर, किंवा अंतर्गत ऑडिटच्या अहवालानंतर चार महिन्यांनी, जे आधी होईल ते' असं ठेवा.

प्रत्येक हप्त्याचं बिल त्यांनी द्यायचं. तुम्ही पगारपत्रक काढायचं नाही. ते जीएसटीत नोंदलेले असतील तर बिल 1,20,000 अधिक 21,600. टीडीएस फक्त फीवर, म्हणजे दहा टक्क्यांनी 12,000, आणि खात्यात 1,29,600. 'फी जीएसटी वगळून' हे शब्द पत्रात नसले की पुढे भांडण ठरलेलं. नोंदणी नसेल तर 1,08,000.

चाकणचा_जुना:
आणि 45 दिवसांत पैसे. कायद्यानेच मिळतात, पत्रात लिहा न लिहा.

उलटतपासणी:
पुन्हा अर्धवट. लिहिलं नाही तर 15 दिवस. लेखी ठरवलं तर जास्तीत जास्त 45. म्हणजे पत्र गप्प राहिलं तर सल्लागाराचाच फायदा. आणि हे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, नोंदणीही काम पुरवण्याआधीची असलेली बरी. काम झाल्यावर धावत जाऊन नोंदणी केली तर थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे दावा टिकेलच असं नाही.

भोसरीवाला:
45 दिवस? मला माझा मोठा ग्राहक 90 दिवसांनी पैसे देतो! कधी 110. माझ्या बिलावर 45 दिवस छापलेले असतात. त्यावर बोला ना कोणीतरी. स्टीलवाल्याला मी रोख देतो, कामगारांना 7 तारखेला देतो, आणि सल्लागाराने मला 45 चा कायदा दाखवायचा?

चाकणचा_जुना:
हे म्हणजे सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं. तुमच्या ग्राहकाने तुमचे पैसे थकवले, त्यात त्या म्हाताऱ्या माणसाचा काय दोष?

भोसरीवाला:
दोष आहे म्हणालो नाही. पैसे येतील तेव्हाच देता येतात, एवढं म्हणतोय.

उलटतपासणी:
तुम्ही स्वतः लघु उद्योग असाल तर तोच कायदा तुमचाही आहे. 45 दिवसांपुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते.

भोसरीवाला:
तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्याला जाते. तुम्ही कधी वेंडर कोड बंद झालेला पाहिलाय? मी पाहिलाय. कायदा आहे, वापरायची सोय नाही.

हिशोबी_बाई:
हे खरं आहे, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण आयकराच्या 43बी(एच) नंतर एक फरक पडलाय. सल्लागार सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले असतील आणि 31 मार्चला त्यांचं मुदत उलटलेलं बिल तुमच्याकडे पडून असेल, तर तो खर्च तुम्हाला त्या वर्षी धरता येत नाही, दिला त्या वर्षीच मिळतो. 1,20,000 अडकले तर त्यावर कर आधी भरावा लागतो. तुमच्या ग्राहकालाही तुमच्या बिलांबाबत हेच लागू आहे, म्हणून वर्षअखेरीस त्याच्या हिशोबनीसाला फोन करा, खरेदी विभागाला नाही. तक्रारीची भाषा लागत नाही.

भोसरीवाला:
तो फोन मी करून बघतो. पण आगाऊ 1,20,000 देणार नाही. नवा माणूस, उद्या आला नाही तर?

चाकणचा_जुना:
आगाऊ नाही तर मी तरी पहिला दिवस येत नाही. अहवाल घेऊन 'बघतो' म्हणणारे मालक मीही पाहिलेत.

उलटतपासणी:
पहिला हप्ता 50 हजार करा, उरलेले 70 हजार अहवालासोबत. आणि मुदतीआधी करार संपवायची तरतूद घाला: 15 दिवसांची लेखी सूचना, तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे. आगाऊ रकमेची भीती त्याने बरीच कमी होते.

भोसरीवाला:
50 ला विचारतो त्यांना. आणि गेटवर त्यांच्यासाठी व्हिजिटर पास ठेवायचा की आमचं कार्ड?

हिशोबी_बाई:
व्हिजिटर पास.