मदत हवी आहे: कमाई कधी ६७ हजार, कधी ९, आरडी कितीची लावू?

लातूरचा_फ्रेमवाला: लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. उद्या पोस्टाच्या एजंट ताई फॉर्म घेऊन यायल्यात, लवकर सांगा. मागच्या वर्षी जून ते मे हातात आलेले, हजारांत: २२, १४, ११, ९, १८, ४६, ५२, ३०, ५५, ३४, ६२, ६७. सरासरी ३५ निघते, म्हणून १० हजारांची लावावी म्हणतो. मित्र म्हणतो मंदीच्या महिन्यांची सरासरी धर. ते कसं करायचं?

निवृत्त_पासबुक: सप्टेंबरात आले ९ आणि हप्ता १० चा? घरात किती देता ते सांगितलंच नाही.

मांजराकाठ: कॅमेरा कोणता वापरता? माझ्या भाच्याला घ्यायचाय.

लातूरचा_फ्रेमवाला: घर वडिलांचं आहे. किराणा, लाइट बिल, पेट्रोल, माझं सगळं धरून साडेनऊ हजार. दुसऱ्या कॅमेऱ्यावरच्या पोराचे पैसे देऊन उरलेले आकडे आहेत हे. कॅमेऱ्याचं नंतर बोलू.

निवृत्त_पासबुक: मग मांडा. सगळ्यात कमी चार महिने जुलै ते ऑक्टोबर: १४, ११, ९, १८. बेरीज ५२, सरासरी १३. खर्च वजा जाता साडेतीन हजार. ३५ च्या सरासरीत एप्रिल-मेची लग्नं बसलीत, ती पितृपक्षात हप्ता भरायला येत नाहीत.

टक्का_टक्का: एवढा खटाटोप कशाला? जमा होईल त्याचे २० टक्के बाजूला टाका. कमी आले तर कमी, जास्त आले तर जास्त.

निवृत्त_पासबुक: आरडीला टक्के कळत नाहीत, ती दर महिन्याला तेवढीच रक्कम मागते. पोस्टात हप्ता चुकला की शंभराला रुपया दंड, चार चुकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांत सुरू करून घ्यावं लागतं. सिझनमध्ये वर उरेल त्याला तुमचे टक्के लावा, तिथं मी हरकत घेणार नाही.

सोयाबीन_वाला: आमचं तर पैसं वर्षातून एकदाच येतंय, दिवाळीच्या टायमाला. मंदीचा महिना धरला तर शून्यच की! आमी भिशी लावतो. तुमी बी लावा, पैला नंबर मिळाला तर लेन्स येईल.

टक्का_टक्का: भिशीलाही दर महिन्याला ठरलेलेच भरावे लागतात, दादा.

परळी_पॅसेंजर: मी अल्बम डिझाइन करते म्हणून विचारते. लॅबचं बिल या आकड्यांतून गेलंय का? मेच्या लग्नांचे अल्बम छापून येतात जुलै-ऑगस्टात, आणि लॅबवाला तेव्हाच पैसे मागतो.

लातूरचा_फ्रेमवाला: नाही गेलं. वहीत वेगळं लिहितो ते. जुलैत ३ हजार दिले, ऑगस्टात ५. सप्टेंबर-ऑक्टोबरात काही नाही.

निवृत्त_पासबुक: हेच आधी सांगायचं ना राव! आता जुलै ११, ऑगस्ट ६, सप्टेंबर ९, ऑक्टोबर १८. बेरीज ४४, सरासरी ११. साडेनऊ गेले, उरले दीड हजार. आरडी दीडची.

लातूरचा_फ्रेमवाला: १० वरून दीड? एजंट ताई हसतील.

टक्का_टक्का: ऑक्टोबरचे १८ कशाला घेतले? तीनच महिने धरा, २६ भागिले ३, पावणेनऊच्या आत. खर्चच निघत नाही. म्हणजे आधी खात्यात शिल्लक जमवा, आरडी आत्ता नकोच.

निवृत्त_पासबुक: मी वर्षाचा तिसरा हिस्सा धरतो. तुमच्या हिशोबाने आधी खात्यात शिल्लक हवी, हे खरं. आणि ती माझ्या हिशोबातही लागते. घर अधिक आरडी म्हणजे महिन्याला ११ हजार. जुलै बरोबरीत सुटतो, ऑगस्टात ५ कमी पडतात, सप्टेंबरात २. म्हणजे जुलैअखेर खात्यात ७ हजार पडून असले पाहिजेत, नाहीतर दीडचा हप्ताही चुकणार. ऑक्टोबरातून ते भोक बुजतं, पण ऑक्टोबर नंतर येतो.

परळी_पॅसेंजर: ७ पुरणार नाहीत. एखादी पार्टी अल्बम घेतल्याशिवाय बाकी देत नाही. तुमचे महिने पैसे जमा झाल्याच्या तारखेचे आहेत ना? की लग्नाच्या तारखेचे?

लातूरचा_फ्रेमवाला: बहुतेक जमा झाल्याचे. मेचे ६७ मात्र लग्नाच्या तारखेने लिहिलेत, त्यातले काही जूनमध्ये आले.

परळी_पॅसेंजर: मेमधून जूनमध्ये गेले तर मंदीच्या चार महिन्यांना धक्का नाही. ते जुलैत आले असते तर सरासरी फुगली असती. पासबुक समोर घेऊन पुन्हा लिहा, आणि जमलं तर त्याच्या आधीचंही वर्ष काढा. एका वर्षात मुहूर्त मागेपुढे झाले की मंदीचे महिनेच बदलतात.

टक्का_टक्का: मी अजूनही म्हणतो, आधी शिल्लक, आरडी दिवाळीनंतर.

निवृत्त_पासबुक: दिवाळीनंतर लावणारे पुढच्या दिवाळीला भेटतात.

लातूरचा_फ्रेमवाला: ताईंना दीडचा फॉर्म आणायला सांगितलंय. जूनच्या पैशातून ७ वेगळे ठेवीन, १० जमले तर १०. आधीच्या वर्षाची वही सापडंना.

मांजराकाठ: वही सापडली की कॅमेऱ्याचं सांगा.