चौकातला कॅमेरा म्हणजे पॅनॉप्टिकॉन?

निखिल: फ्रेंच विचारवंत फूको नुकताच वाचायला घेतलाय. चौकाचौकात कॅमेरे आहेत, म्हणजे आपण सगळे पॅनॉप्टिकॉनमध्येच राहतो, असं म्हणता येईल ना?

मृणालिनी: इतक्यात नको. पॅनॉप्टिकॉन म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचा 1791चा तुरुंगाचा आराखडा, तो आधी डोळ्यांपुढे आणा. मधोमध मनोरा, भोवती गोल इमारत, तिच्यात कोठड्या. प्रत्येक कोठडीला दोन खिडक्या: एक मनोऱ्याकडे, दुसरी बाहेर. बाहेरून येणाऱ्या उजेडामुळे कैद्याची आकृती मनोऱ्यातून स्वच्छ दिसते. मनोऱ्याच्या खिडक्यांना मात्र झडपा, त्यामुळे आत कोणी आहे की नाही हे कैद्याला कळतच नाही. मग मनोरा रिकामा असला तरी चालतं, कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो. 1975च्या पुस्तकात फूकोला या युक्तीचं महत्त्व वाटतं.

आता चौक बघा. कॅमेऱ्याखालून लोक खुशाल सिग्नल तोडत असतील तर तिथे नुसता कॅमेरा आहे. दंडाची पावती घरी येऊ लागली आणि रात्री दोन वाजता मोकळ्या रस्त्यावरही माणूस थांबू लागला, की शिस्त अंगात मुरली.

वैशाली: आमच्या ऑफिसात कामाच्या स्क्रीनचे फोटो आपोआप काढले जातात, कधी ते सांगत नाहीत. पण तिथे सरकार नाही, म्हणजे हे यात बसत नाही?

मृणालिनी: चौकापेक्षा चांगलं बसतं! कारखाना, शाळा, इस्पितळ हीच फूकोची उदाहरणं आहेत.

संदेश: मला पटत नाही. अमेरिकी सरकार कोट्यवधी फोनच्या नोंदी गुपचूप जमवत होतं, हे 2013मध्ये तिथल्या गुप्तचर यंत्रणेची कागदपत्रं फोडणाऱ्या स्नोडेनमुळे उघड झालं. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला, सगळं. याहून मोठा पॅनॉप्टिकॉन कुठला?

मृणालिनी: "गुपचूप" या शब्दापाशीच अडतं. पाळतीची कल्पनाच नसलेला माणूस वागणं का बदलेल? बातमी फुटल्यावर लोक जपून बोलू लागले असतील तर गोष्ट वेगळी.

1978च्या व्याख्यानांत फूको दोन रोग शेजारी ठेवतो. प्लेगच्या गावात घराला बाहेरून कुलूप, किल्ली अधिकाऱ्याकडे. तो रोज येऊन एकेकाचं नाव पुकारणार, त्या माणसानं खिडकीत यायचं. नाही आला तर आजारी, नाहीतर मेलेला. देवीच्या रोगात प्रश्नच निराळे: कोणत्या वयात किती जणांना होतो, किती दगावतात, टोचून घेण्यात धोका किती. इथे नजर एकेकावर नाही, अख्ख्या लोकसंख्येवर आहे. फोनच्या नोंदींचा ढीग मला देवीच्या बाजूचा वाटतो.

संदेश: पण त्याच ढिगातून एक माणूस उपसून काढायचे ना! संशयिताचा नंबर घ्यायचा, त्याचे संपर्क काढायचे, मग त्या संपर्कांचे संपर्क. हे तर पुन्हा नाव पुकारणंच झालं.

मृणालिनी: हा आक्षेप खरा आहे. एक पद्धत आली म्हणून दुसरी जात नाही, असं फूकोही म्हणतो. तरी फरक उरतोच: खिडकीत उभ्या राहणाऱ्याला आपलं नाव पुकारलेलं ऐकू येत होतं.

संदेश: ऐकू येत नाही म्हणून सत्ता कमी होते का? मला तर उलटंच वाटतं.